चित्राची ओळ, आवाजाची ओळ

कराडातल्या एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेचं चित्रीकरण आणि त्यामागची संगणकाची कामं माझ्याकडे असतात. दर वर्षी सात व्याख्यानं होतात. ती कॅमेऱ्यात घ्यायची, पुढचा-मागचा पसारा कापायचा आणि वाचनालयाच्या यूट्यूब चॅनेलवर चढवायची, असा शिरस्ता आहे. मध्यंतरी मूळ फाइली ठेवलेली हार्डडिस्क बंद पडली. चॅनेलचं लॉगिन ज्यांच्या मोबाइलला जोडलेलं होतं ते पदाधिकारी गाव सोडून गेले आणि त्यांचा तो नंबरही बंद झाला. व्याख्यानं उरली ती फक्त चॅनेलवर, सगळ्यांना दिसणारी. मग कार्यकारिणीने ठराव केला आणि मला पत्र दिलं, की तीन वर्षांची एकवीस व्याख्यानं उतरवून द्या.

पत्रात मागण्या तीन होत्या. वाचनालयाच्या हॉलमध्ये एक जुना एलईडी टीव्ही आहे. त्याला पेनड्राइव्ह लावून दुपारी ज्येष्ठ मंडळी व्याख्यानं बघतात, त्यांच्यासाठी एक संच हवा होता. ढेबेवाडी, हेळवाक या बाजूचे काही सभासद आहेत, तिथे रेंज येते-जाते. त्यांना व्याख्यान नुसतं ऐकायचं असतं, म्हणून मोबाइलवर पाठवता येईल एवढा लहान आवाजाचा संच हवा होता. तिसरा संच वाचनालयाच्या कपाटात कायमचा जपून ठेवण्यासाठी.

लॉगिन असतं तर यूट्यूब स्टुडिओतून ७२० किंवा ३६० ओळींची एमपी४ फाइल मिळाली असती, आणि टीव्हीपुरतं काम त्यात भागलंही असतं. ते नव्हतं, म्हणून `yt-dlp` हे अवजार घेतलं. दुसऱ्याचे व्हिडिओ परवानगीवाचून असे उतरवणं यूट्यूबच्या अटींत बसत नाही. हा माल वाचनालयाचा आणि चित्रीकरण माझं असलं, तरी मी लेखी पत्र हातात आल्याशिवाय कामाला हात लावला नाही.

या अवजाराला नुसता दुवा दिला तर ते स्वतःच्या पसंतीने एक फाइल उतरवून मोकळं होतं. ती कुठे चालेल आणि कुठे नाही, हे त्याला ठाऊक नसतं. म्हणून आधी तक्ता मागवायचा:

```
yt-dlp -F URL
```

एका व्याख्यानाचा तक्ता इथे देतो. लांबी बरोबर ९२ मिनिटं. रुंदी आवरण्यासाठी काही रकाने आणि बऱ्याच ओळी काढल्या आहेत.

```
ID  EXT   RESOLUTION FPS |  FILESIZE    TBR  PROTO | VCODEC       ACODEC
sb0 mhtml 320x180        |                   mhtml | images
139 m4a   audio only     |   32.24MiB   49k  https | audio only   mp4a.40.5
140 m4a   audio only     |   84.89MiB  129k  https | audio only   mp4a.40.2
251 webm  audio only     |   68.44MiB  104k  https | audio only   opus
18  mp4   640x360     25 | ≈203.99MiB  310k  https | avc1.42001E  mp4a.40.2
232 mp4   1280x720    25 | ~690.94MiB 1050k  m3u8  | avc1.4D401F  video only
136 mp4   1280x720    25 |  421.14MiB  640k  https | avc1.4d401f  video only
247 webm  1280x720    25 |  342.18MiB  520k  https | vp9          video only
137 mp4   1920x1080   25 |  848.87MiB 1290k  https | avc1.640028  video only
248 webm  1920x1080   25 |  598.81MiB  910k  https | vp9          video only
```

पहिल्यांदा बघणाऱ्याची नजर `RESOLUTION`च्या रकान्यावर जाते आणि तिथून खाली सरकत शेवटच्या ओळीवर थांबते. तक्ता साधारणपणे हलक्याकडून भारीकडे लावलेला असतो, त्यामुळे शेवटची ओळ उत्तम असणार असं वाटणं साहजिक आहे. पण मी हा तक्ता उजवीकडून वाचतो. उजव्या टोकाच्या दोन रकान्यांत ओळ पूर्ण आहे की अर्धी आणि कुठल्या यंत्रावर चालेल, या दोन्ही प्रश्नांची उत्तरं असतात. ती मिळाल्याशिवाय आकाराचा विचार करून उपयोग नसतो.

आधी पूर्ण आणि अर्ध्याचं बघू. वर दिलेल्या दहा ओळींत चित्र आणि आवाज दोन्ही असलेली ओळ एकच आहे, 18 नंबरची, आणि तीही ३६० ओळींची. 139, 140, 251 यांच्यात फक्त आवाज आहे. 232पासून 248पर्यंत सगळ्यांत फक्त चित्र आहे. 137 एकटी उतरवली तर वक्ता ९२ मिनिटं ओठ हलवताना स्वच्छ दिसेल, पण शब्द ऐकू येणार नाही. फाइल बिघडलेली नसते, तिच्यात आवाज कधी भरलेलाच नसतो. पूर्वी 22 नंबरची ७२० ओळींची एक पूर्ण ओळ मिळायची, आता ती बहुतेक व्हिडिओंना दिसत नाही. सगळ्यात वरची `sb0` म्हणजे सरकपट्टीवर बोट फिरवताना दिसणारी छोटी चित्रं. तिचा आपल्याला काही उपयोग नाही.

चित्र आणि आवाज वेगळे ठेवण्यामागे साधा हिशेब आहे. आपण यूट्यूब बघत असताना रेंज कमी झाली की चित्र धूसर होतं आणि रेंज परतली की पुन्हा स्वच्छ होतं. त्यासाठी एकाच व्हिडिओच्या १४४ पासून १०८० ओळींपर्यंत अनेक प्रती तयार ठेवाव्या लागतात. प्रत्येक प्रतीत तोच आवाज पुन्हा भरला तर जागा फुकट जाते, आणि चित्र बदलताना आवाजही बदलावा लागतो. म्हणून चित्राच्या प्रती वेगळ्या, आवाजाच्या वेगळ्या, आणि दोन्ही बघणाऱ्याच्या यंत्रावर एकत्र वाजतात. डॅश नावाची ही पद्धत २०१२ साली आंतरराष्ट्रीय मानक झाली. उतरवून घेणाऱ्याला मात्र जोडी स्वतः जमवावी लागते:

```
yt-dlp -f 136+140 URL
```

अधिकचं चिन्ह म्हणजे दोन्ही उतरव आणि एका फाइलीत बांध. बांधण्याचं काम `ffmpeg` नावाचं दुसरं अवजार करतं. त्यात चित्र नव्याने दाबलं जात नाही, दोन प्रवाह आहेत तसे एका डब्यात ठेवले जातात. त्यामुळे दीड तासाचं व्याख्यान काही क्षणांत बांधून होतं, दर्जा तसूभरही घटत नाही आणि तयार फाइलीचा आकार दोन्ही ओळींच्या बेरजेइतका येतो. इथे ४२१ आणि ८५ मिळून साधारण ५०६. तयार फाइल ३००च्या आसपास आली तर उतरवणं अर्ध्यात तुटलं असं समजायचं. संगणकावर `ffmpeg` नसेल तर `yt-dlp` तसा इशारा देतं आणि `f136.mp4` आणि `f140.m4a` अशा शेपटांच्या दोन सुट्या फाइली ठेवून देतं. माझ्याकडे मदतीला येणाऱ्या मुलाने एकदा असा फोल्डर आणून दाखवला आणि म्हणाला, "दादा, एकात आवाज नाही आणि दुसरं काळंच दिसतंय." दोन्ही फाइली उत्तम होत्या, बांधायच्या तेवढ्या राहिल्या होत्या.

आता कोडेक. टीव्हीच्या संचाचा सगळा निकाल या रकान्यात लागला. मी हातात घेण्याआधी कुणीतरी हौसेने एक व्याख्यान पेनड्राइव्हवर आणलं होतं. लॅपटॉपवर ते सुरेख चालायचं, टीव्हीवर फाइलीचं नाव दिसायचं आणि निवडल्यावर "फाइल चालत नाही" अशा अर्थाची पाटी यायची. ग्रंथपाल बाईंना वाटलं टीव्हीचा यूएसबी गेला, आणि दुरुस्तीवाल्याला बोलवायचंही ठरलं होतं. फाइलीचं शेपूट `webm` होतं. अवजाराने स्वतःच्या पसंतीने 248 आणि 251 जोडून दिले होते, म्हणजे व्हीपी९ चित्र आणि ओपस आवाज. ओपस २०१२चा, व्हीपी९ २०१३चा. हॉलमधल्या टीव्हीला दोन्ही कळत नाहीत. त्याच्या माहितीपुस्तिकेत यूएसबीवर चालणाऱ्या प्रकारांत एच.२६४ आणि एएसी आहेत, ही दोन नावं नाहीत.

एच.२६४ हे मानक २००३ सालचं. गेल्या पंधरा वर्षांतला टीव्ही, मोबाइल, सेट टॉप बॉक्स, काहीही घ्या, ते बहुधा चालतंच. तक्त्यात ते `avc1` या नावाने येतं आणि एएसी `mp4a` या नावाने. म्हणजे टीव्हीसाठी `avc1`च्या ओळीशी `mp4a`चीच ओळ जोडायची. 136 सोबत 251 जोडलं, तर एच.२६४ आणि ओपस एमपी४च्या डब्यात न ठेवता अवजार `mkv`चा डबा करतं. असा डबा आमच्या टीव्हीने उघडला, चित्र दाखवलं आणि आवाज दिला नाही. चित्र येतंय आणि आवाज नाही म्हटलं की लोक टीव्हीचा आवाज वाढवत बसतात, पण दोष जोडीत असतो.

`avc1`च्या पुढे टिंब देऊन सहा अक्षरं असतात, तीही वाचण्यासारखी आहेत. पहिली दोन प्रोफाइल सांगतात, म्हणजे दाबण्याच्या कुठल्या युक्त्या वापरल्या आहेत. `42` म्हणजे बेसलाइन, `4d` म्हणजे मेन, `64` म्हणजे हाय. शेवटची दोन लेव्हल सांगतात, म्हणजे उलगडताना यंत्रावर किती भार पडेल. ती सोळाच्या पायावर लिहिलेली असतात. `28` म्हणजे दोन सोळे आणि आठ, एकूण ४०, अर्थात लेव्हल ४.०. `1f` म्हणजे ३१, अर्थात ३.१.

हे एरवी कुणाला लागत नाही, आम्हाला लागलं. शेवटच्या वर्षी मी नवा कॅमेरा घेतला आणि सेकंदाला ५० चौकटींवर चित्रीकरण केलं. त्या सात व्याख्यानांच्या तक्त्यात 136 आणि 137 नव्हत्याच. त्यांच्या जागी 298 आणि 299 होत्या, `FPS`च्या रकान्यात ५०. पैकी 299 ही १०८० ओळींची, तिचा कोडेक `avc1.64002a`. `2a` म्हणजे ४२, लेव्हल ४.२. टीव्हीच्या पुस्तिकेत कमाल लेव्हल ४.१ छापलेली आहे. चाचणीला लावून बघितलं तर चित्र थांबत थांबत चालत होतं आणि बोलणं पुढे निघून जात होतं. 298 ही ७२० ओळींची, `avc1.4d4020`, म्हणजे लेव्हल ३.२. ती सुरळीत चालली. टीव्हीसाठी ७२० ओळींवर थांबायचं हे तिथे ठरलं. आठ-दहा फुटांवरून बघणाऱ्या मंडळींना व्यासपीठावर बसून बोलणाऱ्या माणसाच्या चित्रात ७२० आणि १०८० यांचा फरक जाणवलाही नाही. मी दोन्ही लावून त्यांना विचारलं होतं.

एवढं ठरल्यावर आकाराकडे वळलो. `FILESIZE`च्या रकान्यात तीन प्रकारचे आकडे असतात आणि त्यांची विश्वासार्हता सारखी नसते. ज्या आकड्यापुढे काही चिन्ह नाही तो साइटनेच कळवलेला नेमका आकार. `≈` असेल तर अंदाज, बराचसा जवळचा. आणि `~` असेल तर अवजाराने स्वतः केलेला गुणाकार, `TBR` गुणिले लांबी. `TBR` म्हणजे सेकंदाला किती किलोबिट खर्च होतात.

हा गुणाकार कागदावर करून बघण्यासारखा आहे. ९२ मिनिटं म्हणजे ५५२० सेकंद. 136चा दर ६४०. गुणाकार ३५,३२,८०० किलोबिट. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून आठाने भागलं की ४,४१,६०० किलोबाइट, म्हणजे सुमारे ४४२ एमबी. तक्त्यात मात्र 421.14 आहे. फरक मोजमापाचा आहे. तक्त्यातला `MiB` हा १०,४८,५७६ बाइटचा असतो आणि पेनड्राइव्हच्या वेष्टनावरचा एमबी दहा लाखांचा. १६ जीबीचा पेनड्राइव्ह संगणकाला लावला की १४.९ दिसतो, तोही याच कारणाने. दुकानदाराने त्यात फसवलेलं नसतं.

आता 232 आणि 136 या दोन ओळी शेजारी ठेवून बघा. दोन्ही ७२० ओळींच्या, दोन्ही एच.२६४, दोन्हींत फक्त चित्र. एकीचा आकार ६९१, दुसरीचा ४२१. जास्त आकार म्हणजे जास्त चांगलं, असं म्हणून 232 उतरवावीशी वाटते. मी मुद्दाम ती उतरवली. हाती आलेली फाइल 136च्याच आसपासची होती, ६९१ एमबी मुळात नव्हतेच. कारण `PROTO`च्या रकान्यात आहे. तिथे `m3u8` असेल तर व्हिडिओ लहान लहान तुकड्यांत येतो आणि त्या यादीत दर म्हणून कळवलेला असतो तो शिखराचा दर, म्हणजे सगळ्यात जड तुकड्याचा. सरासरी दर कळवणं त्या पद्धतीत ऐच्छिक आहे. व्याख्यानात जड तुकडे थोडेच असतात, पाहुण्यांचा सत्कार, टाळ्या, कॅमेरा श्रोत्यांवरून फिरतो तेवढाच वेळ. बाकी तासभर मागचा पडदा हलत नाही, टेबल हलत नाही, माणूस हात वर-खाली करतो. शिखराच्या दराला पूर्ण लांबीने गुणलं की अंदाज फुगतो. आमच्याच चॅनेलवर लहान मुलांच्या लेझीमचा एक व्हिडिओ आहे, त्यात सतत हालचाल असल्यामुळे शिखर आणि सरासरी जवळजवळ आहेत आणि तिथे हाच `~`चा अंदाज बराच खरा निघाला. त्यामुळे `https` आणि `m3u8` दोन्ही ओळी असतील तर मी `https`ची घेतो. तिचा आकडा नेमका असतो आणि उतरवल्यावर तपासता येतो.

आकाराबद्दल आणखी एक गोष्ट. 247 ही 136पेक्षा सुमारे ८० एमबीने लहान आहे, पण तेवढ्यावरून तिचं चित्र हलकं ठरत नाही. व्हीपी९ त्याच दर्जाचं चित्र कमी जागेत बसवतं. नव्या व्हिडिओंच्या तक्त्यात `av01` दिसतं, २०१८चं, ते याहून कमी जागा घेतं. आकारावरून दर्जा ताडायचा असेल तर एकाच कोडेकच्या ओळी एकमेकींशी ताडाव्यात, `avc1`ची ओळ `vp9`शी नव्हे.

हॉलसाठी १६ जीबीचा पेनड्राइव्ह घेतला होता. बहुतेक व्याख्यानं दीड तासाच्या आसपासची. १०८० ओळींची जोडी म्हणजे ८४९ आणि ८५, एकूण ९३४. असं धरलं तर पंधरा-सोळाच व्याख्यानं मावतात. ७२०ची जोडी ५०६, एकवीसच्या एकवीस साडेदहा जीबीच्या आत बसतात आणि पुढच्या वर्षासाठी जागाही उरते.

एकवीस तक्ते हाताने चाळून नंबर लिहून काढायची गरज नव्हती. नंबर सगळीकडे सारखे नसतातच, 136 कुठे होती, कुठे तिच्या जागी 298. म्हणून नंबराऐवजी अट सांगितली. सगळे दुवे `yadi.txt` या फाइलीत, दर ओळीला एक, आणि मग:

```
yt-dlp -f "bv[vcodec^=avc1][height<=720]+ba[ext=m4a]" -a yadi.txt
```

म्हणजे `avc1`ने सुरू होणारं, ७२० ओळींपर्यंतचं सगळ्यात चांगलं चित्र आणि `m4a` डब्यातला सगळ्यात चांगला आवाज. तक्ता वाचता आला की अशी अट लिहिता येते. तक्ता न वाचता कुठूनतरी उचललेली अट दहा व्हिडिओंवर चालते आणि अकराव्यावर वेगळीच फाइल देते.

आवाजाचा संच सोपा असेल असं वाटलं होतं, तिथेही थोडं थांबावं लागलं. 139 नंबरची ओळ ३२ एमबीची, मोबाइलवर पाठवायला सोयीची. तिचा कोडेक `mp4a.40.5`, कमी दरातही बोलणं टिकवून धरणारा एएसीचा प्रकार. हेडफोन लावून ऐकलं, बोलणं स्पष्ट होतं, फक्त स आणि श जरा घासल्यासारखे वाटत होते. व्याख्यानाआधीच्या स्वागतगीतातली पेटी मात्र पाण्यातून आल्यासारखी वाजत होती. 140 मध्ये हे काही नव्हतं, पण आकार अडीचपटीहून जास्त. ढेबेवाडीच्या गुरुजींना दोन्ही ऐकवल्या. ते म्हणाले, "मला गाणं नको, बोलणं पाहिजे. बारकी द्या." म्हणून ऐकणाऱ्यांच्या संचाला 139.

काही व्याख्यानांत आवाजाच्या ओळी दुप्पट दिसल्या, 140 सोबत `140-drc` अशी. त्या ओळीत आवाजाची उंची-खोली सपाट केलेली असते, हळू बोलणं मोठं आणि मोठं थोडं दाबलेलं. एरवी मी मूळ आवाजाच्या वाटेला जात नाही. पण एक वक्ते माइकपासून सारखे दूर जायचे आणि श्रोत्यांकडे वळून बोलायचे. त्या एका व्याख्यानाला टीव्हीसाठीही `140-drc` वापरली, आणि पुढच्या रांगेतल्या ज्येष्ठांची तक्रार थांबली. एका हिंदी व्याख्यानाच्या तक्त्यात आवाजाच्या ओळी भाषांप्रमाणे वेगळ्या होत्या, 140-0, 140-1 अशा. यूट्यूबने यंत्राने केलेलं इंग्रजी डबिंग त्यात आलं होतं. मूळ आवाज कुठला हे शेवटच्या `MORE INFO` रकान्यात `original` असं लिहिलेलं असतं. त्या रकान्यापर्यंत नजर गेली नाही तर वक्त्याच्या तोंडी भलत्याचाच आवाज येऊ शकतो.

तक्ता कधी अचानक आखूड दिसतो. कालपर्यंत वीस-पंचवीस ओळी दाखवणाऱ्या व्हिडिओला आज `sb`च्या चार ओळी आणि 18, एवढंच. अशा वेळी व्हिडिओ खराब झाला असं समजून 18वर समाधान मानू नये. यूट्यूब आतली व्यवस्था बदलत असतं आणि अवजार मागे पडतं. ते अद्ययावत करून पुन्हा तक्ता मागवला की ओळी बहुधा परत येतात. नुकत्याच चढवलेल्या व्हिडिओचीही सुरुवातीला हलकीच ओळ असते, वरच्या प्रती तयार व्हायला वेळ लागतो.

राहिला कपाटातला तिसरा संच. त्यासाठी मी १०८० ओळींचा एच.२६४ आणि 140 घेतला, एका व्याख्यानाला साधारण ९३४ एमबी. शेवटच्या ओळीतला व्हीपी९ लहान होता आणि चित्रही त्याच्या तोडीचं, पण वाचनालयात उद्या कोण कुठल्या यंत्रावर फाइल उघडेल सांगता येत नाही, आणि एच.२६४ न उघडणारं यंत्र मला अजून भेटलेलं नाही. फाइली उतरल्या तशाच ठेवल्या, पुन्हा दाबल्या नाहीत. प्रत्येक फोल्डरमध्ये त्या त्या व्याख्यानाचा तक्ताही साध्या मजकुराच्या फाइलीत ठेवला, म्हणजे कुठल्या ओळी निवडल्या आणि कुठल्या उपलब्ध होत्या हे मागाहून कुणालाही कळेल.

कार्यकारिणीच्या बैठकीत संच सोपवला तेव्हा एका सदस्यांनी विचारलं, "म्हणजे आपलं मूळ सगळं परत मिळालं ना?" त्यांना मी तोच तक्ता दाखवला. माझ्या जुन्या कॅमेऱ्याचा दर सेकंदाला २४,००० किलोबिट होता. त्या दराने ९२ मिनिटांचं व्याख्यान साडेसोळा जीबीचं होतं. तक्त्यातली `avc1`ची सगळ्यात मोठी ओळ १२९० किलोबिटची, म्हणजे मुळाच्या अठराव्या हिश्शाहून थोडी कमी. व्हिडिओ चढवला की यूट्यूब त्याच्या स्वतःच्या प्रती करतं आणि तक्त्यात त्या प्रतीच येतात. आपण चढवलेली फाइल कुठल्याच ओळीत नसते. चॅनेलवर आहे म्हणून कार्ड पुसणाऱ्या प्रत्येक वाचनालयाला, शाळेला आणि मंडळाला माझी विनंती आहे, की कॅमेऱ्यातली फाइल दोन वेगळ्या डिस्कवर, दोन वेगळ्या इमारतींत ठेवा, आणि चॅनेलचं लॉगिन एकाच माणसाच्या मोबाइलवर ठेवू नका.